शेजाऱ्यांपुरती पाहिलेली लॅटिमर आकृती: हायपोक्लोराइट खरंच स्थिर आहे का?

अकार्बनी रसायनशास्त्रात नव्याने शिरणाऱ्यांना लॅटिमर आकृती सोपी वाटते, आणि ती सोपी आहेही. एका मूलद्रव्याच्या ऑक्सिडीकरण अवस्था डावीकडून उजवीकडे उतरत्या क्रमाने मांडायच्या आणि दोन अवस्थांमधल्या बाणावर त्या टप्प्याचं प्रमाण क्षपण विभव लिहायचं. मधली एखादी अवस्था डिसप्रोपोर्शनेट होते का, म्हणजे तिचे काही कण वरच्या अवस्थेत आणि काही खालच्या अवस्थेत जातात का, हे ठरवायचा नियमही एका ओळीचा आहे: त्या अवस्थेच्या उजवीकडचं विभव डावीकडच्यापेक्षा जास्त असेल तर होते.

तांब्यावर हा नियम चटकन दिसतो.

```
Cu²⁺ --(+०.१६)--> Cu⁺ --(+०.५२)--> Cu
```

उजवीकडे ०.५२, डावीकडे ०.१६. एका Cu⁺ ने इलेक्ट्रॉन घ्यायचा आणि दुसऱ्याने द्यायचा, तर फरक ०.३६ व्होल्ट येतो, आणि तो धन आहे. एका इलेक्ट्रॉनाच्या देवाणघेवाणीत ०.०५९ व्होल्टमागे समतोल स्थिरांक दहापट होतो, त्यामुळे इथे तो साधारण १०चा ६वा घात भरतो. पाण्यात मोकळा Cu⁺ टिकत नाही तो यामुळेच. वजाबाकी नेहमी उजवीकडच्यातून डावीकडचं अशीच करायची, कारण उजवीकडचा टप्पा क्षपणाचा असतो आणि डावीकडचा उलटा चालवायचा असतो. इथवर बहुतेकांना अडचण येत नाही.

पुढे मात्र येते. मी पेपर तपासतो तेव्हा एक प्रश्न हमखास घसरलेला सापडतो: अल्कलीत हायपोक्लोराइट डिसप्रोपोर्शनेट होईल का? दिलेली आकृती अशी असते.

```
ClO4⁻ --(+०.३७)--> ClO3⁻ --(+०.३०)--> ClO2⁻ --(+०.६८)--> ClO⁻ --(+०.४२)--> Cl2 --(+१.३६)--> Cl⁻
```

ClO⁻ च्या उजवीकडे ०.४२ आणि डावीकडे ०.६८. नियम लावला की फरक ऋण येतो आणि उत्तर लिहिलं जातं: "स्थिर आहे." पण क्लोरीन गरम आणि तीव्र अल्कलीत सोडला की क्लोरेट मिळतं, हे त्याच विद्यार्थ्याने बारावीत पाठ केलेलं असतं. हे क्लोरेट हायपोक्लोराइटमधूनच तयार होतं. मग आकृती खोटी की पाठांतर?

दोन्ही खरी आहेत. शेजाऱ्यांची तुलना एवढंच सांगते की ClO⁻ फुटून Cl2 आणि ClO2⁻ होणार नाही. पण त्याने नेमके शेजारच्याच घरात जावं असं कोणतंही बंधन नाही. तो एका बाजूला थेट Cl⁻ पर्यंत उतरू शकतो आणि दुसऱ्या बाजूला ClO3⁻ पर्यंत चढू शकतो. म्हणून न लिहिलेल्या बाणांवरची विभवंही काढावी लागतात, आणि खरी कसोटी तीच.

ती काढताना विभवांची सरळ बेरीज करायची नाही. बेरीज होते ती मुक्त ऊर्जेची, आणि मुक्त ऊर्जा म्हणजे इलेक्ट्रॉनांची संख्या गुणिले विभव (चिन्ह आणि फॅराडे स्थिरांक दोन्ही बाजूंना सारखेच, म्हणून सोडून देता येतात). प्रत्येक टप्प्याचं विभव त्या टप्प्यातल्या इलेक्ट्रॉनांनी गुणायचं, सगळं मिळवायचं आणि एकूण इलेक्ट्रॉनांनी भागायचं. इलेक्ट्रॉन मोजताना क्लोरीनच्या एका अणूमागे मोजायचे. समीकरणात Cl2 दिसतो म्हणून तिथे दोन धरले की पुढचं सगळं गणित बिघडतं.

आता ClO⁻ पासून Cl⁻ पर्यंत या. +१ पासून शून्य हा एक इलेक्ट्रॉन, ०.४२ वर. शून्यापासून −१ हा आणखी एक, १.३६ वर. बेरीज १.७८, भागिले दोन, म्हणजे ०.८९ व्होल्ट. दुसऱ्या बाजूला ClO3⁻ ते ClO⁻: +५ पासून +३ दोन इलेक्ट्रॉन ०.३० वर, +३ पासून +१ दोन इलेक्ट्रॉन ०.६८ वर. बेरीज ०.६० अधिक १.३६, म्हणजे १.९६, भागिले चार, म्हणजे ०.४९.

उजवीकडे ०.८९, डावीकडे ०.४९. फरक धन ०.४० व्होल्ट. ज्याला आपण स्थिर ठरवलं होतं तो हायपोक्लोराइट क्लोरेट आणि क्लोराइडच्या तुलनेत चांगलाच अस्थिर निघाला.

```
3 ClO⁻ → ClO3⁻ + 2 Cl⁻
```

या समीकरणात एक ClO⁻ चार इलेक्ट्रॉन देतो आणि दोन ClO⁻ प्रत्येकी दोन घेतात, म्हणजे व्यवहार चार इलेक्ट्रॉनांचा. चार गुणिले ०.४० भागिले ०.०५९ केलं की समतोल स्थिरांक सुमारे १०चा २७वा घात येतो. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे "अंशतः होईल" असं म्हणायला जागाच उरत नाही.

तरीही हायपोक्लोराइटचं द्रावण बाटलीत भरून ठेवता येतं, वापरता येतं. कारण आकृती दिशा सांगते, वेग सांगत नाही. इथे मात्र आकृतीतूनच थोडं पुढचंही दिसतं. तीन ClO⁻ एकाच वेळी एकत्र येत नाहीत. आधी दोन भेटतात आणि ClO2⁻ व Cl⁻ होतात. हा टप्पा हळू चालतो. मग तो ClO2⁻ आणखी एका ClO⁻ बरोबर झटकन क्लोरेट देतो. पहिल्या टप्प्याचा फरक ०.८९ वजा ०.६८, म्हणजे ०.२१. दुसऱ्याचा ०.८९ वजा ०.३०, म्हणजे ०.५९. दोन्ही धन आहेत, आणि प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन धरून बेरीज केली तर १.६०, म्हणजे बरोबर चार गुणिले ०.४०. हिशोब असा दोन वाटांनी जुळला की मगच मी पुढे जातो.

हळू टप्प्यात दोन ClO⁻ लागतात, म्हणून वेग संहतीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. द्रावण निम्म्याने पातळ केलं की या वाटेने होणारं विघटन चौपटीने मंदावतं, आणि तापवलं की वाढतं. गार, सौम्य अल्कलीत हायपोक्लोराइट आणि गरम, तीव्र अल्कलीत क्लोरेट, हे जे वेगवेगळे दोन नियम म्हणून पाठ केलं जातं, त्याचं मूळ इथे आहे. समतोलाचा कल दोन्ही वेळा क्लोरेटकडेच असतो, फक्त गार द्रावणात तिथवर पोहोचायला वेळ फार लागतो.

हायपोक्लोराइटचं द्रावण बिघडताना बुडबुडे दिसले तर ते मात्र डिसप्रोपोर्शनेशन नव्हे. वरच्या समीकरणात वायू नाहीच. तो ऑक्सिजन असतो, आणि कोबाल्ट, निकेल, तांबे यांचे अंश द्रावणात असले की ही दुसरी वाट उघडते. क्लोरीनच्या आकृतीत पाण्याचा आणि ऑक्सिजनचा पत्ताच नसतो, त्यामुळे ही शक्यता तिच्यात शोधून सापडणार नाही. ती वेगळी तपासायची.

आता चौकस विद्यार्थी विचारतो: क्लोरेटवरच का थांबायचं? परक्लोरेटपर्यंत का नाही? प्रश्न रास्त आहे. क्लोरेटच्या उजवीकडे ०.३०, डावीकडे ०.३७, म्हणजे शेजाऱ्यांच्या कसोटीवर तोही स्थिर. पण ClO3⁻ ते Cl⁻ हा सहा इलेक्ट्रॉनांचा बाण काढा: ०.६० अधिक १.३६ अधिक १.७८, म्हणजे ३.७४, भागिले सहा, सुमारे ०.६२. त्यातून ०.३७ वजा केले तर धन ०.२५ उरतात. म्हणजे क्लोरेटही परक्लोरेट आणि क्लोराइडमध्ये फुटायला ऊर्जेच्या दृष्टीने तयार आहे. पाण्यात ते इतकं मंद चालतं की व्यवहारात होत नाही असंच धरतात. घन पोटॅशियम क्लोरेट काळजीपूर्वक वितळवलं तर मात्र परक्लोरेट मिळतं. त्यामुळे सगळ्या जोड्या काढल्यावर उत्पादन कोणतं लिहायचं हे केवळ सर्वांत मोठ्या फरकावरून ठरवू नका. हायपोक्लोराइटसाठी परक्लोरेट धरून फरक ०.४४ येतो, क्लोरेटच्या ०.४० पेक्षा थोडा जास्तच, तरी द्रावणात क्लोरेटच साठतं.

एवढ्या जोड्या हाताने काढायचा कंटाळा आला तर फ्रॉस्ट आलेख काढावा. आडव्या अक्षावर ऑक्सिडीकरण अवस्था, उभ्यावर शून्य अवस्थेपासूनची इलेक्ट्रॉन गुणिले विभव ही बेरीज. आपल्या उदाहरणात Cl⁻ −१.३६ वर, ClO⁻ ०.४२ वर, ClO2⁻ १.७८ वर आणि ClO3⁻ २.३८ वर येतो. Cl⁻ आणि ClO3⁻ जोडणारी रेघ ओढली तर +१ पाशी ती −०.११ च्या आसपास जाते आणि ClO⁻ तिच्या बराच वर राहतो. रेघेच्या वर बसलेला बिंदू त्या दोन टोकांमध्ये फुटतो. मला लॅटिमरच जास्त आवडते, कारण तिच्यात आकडे समोर असतात. आलेखात ०.०५ चा फरक पेन्सिलीच्या जाडीत हरवतो.

एक अट राहिली. आकृती ज्या परिस्थितीसाठी छापलेली असते तिच्याबाहेर तिचे आकडे चालत नाहीत. वरची आकृती अल्कलीची आहे. त्यात Cl2 च्या उजवीकडे १.३६, डावीकडे ०.४२, म्हणून क्लोरीन अल्कलीत लगेच फुटतो. आम्लात डावीकडे HClO येतो आणि ते विभव १.६३ होतं. फरक −०.२७, म्हणजे प्रक्रिया उलट फिरते: HClO आणि Cl⁻ मिळून Cl2. हायपोक्लोराइटच्या द्रावणात आम्ल मिसळलं की विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो तो यामुळेच. १.३६ हा आकडा मात्र दोन्ही ठिकाणी तोच राहतो, कारण त्या अर्धप्रक्रियेत H⁺ किंवा OH⁻ भाग घेत नाहीत.

आणि pH न बदलताही आकृती बदलू शकते. तांब्याच्या द्रावणात आयोडाइड टाकलं की Cu⁺ अविद्राव्य CuI म्हणून खाली बसतो.

```
Cu²⁺ --(+०.८६)--> CuI --(−०.१९)--> Cu
```

उजवीकडचं आता डावीकडच्यापेक्षा खूप खाली गेलं, म्हणून जो Cu⁺ पाण्यात टिकत नव्हता तो इथे निवांत राहतो. दोन्ही आकृत्यांत Cu²⁺ ते Cu हा लांब बाण काढून पाहा: पहिल्यात ०.१६ आणि ०.५२ ची सरासरी ०.३४, दुसरीत ०.८६ आणि −०.१९ ची जवळपास तीच. दोन्ही टोकं तीच आहेत, त्यामुळे मधल्या अवस्थेला आधार मिळाला की एक विभव जेवढं वर जातं तेवढंच दुसरं खाली येतं.