‘साइन ऑन होता’: माझ्या रिपोर्टमधलं एक वाक्य

टर्ब्युलन्समध्ये स्वतःला कसं सावरायचं ते ट्रेनिंगमध्ये घोटून घेतात, त्यामुळे ते पुन्हा सांगत नाही. मी फसले ते नंतर, रिपोर्ट लिहिताना.

मे महिन्यातलं कोलकाता–पुणे विमान होतं. सर्व्हिस संपली होती आणि मी मागच्या गॅलीत ट्रॉली आत ढकलत होते. पहिला झटका बसला तेव्हा ब्रेक लावलेला नव्हता. मी उडाले, खाली पडले आणि उजवा पाय ट्रॉलीखाली पिरगळला. जमिनीवर असतानाच कॅप्टनचा आवाज आला, ‘केबिन क्रू, बी सीटेड’. सहकारिणीने मला ओढून जंपसीटवर बसवलं, तेव्हा केबिनमधले साइन पेटलेले दिसले.

त्या रात्री पाय सुजलेला असताना मी लिहिलं: ‘सीटबेल्ट साइन ऑन होता. अनाउन्समेंट झाली होती. मला किरकोळ दुखापत झाली.’

पहिली दोन वाक्यं खोटी नव्हती, पण त्यांत आधी काय आणि नंतर काय, हेच नव्हतं. कॅप्टनच्या रिपोर्टमध्ये साइन पहिल्या झटक्यानंतर लावला असं होतं, 13:12 यूटीसीला. माझा रिपोर्ट वाचणाऱ्याला मात्र वाटणार की साइन लागला, बसायला सांगितलं, तरी ही बाई ट्रॉली ढकलत होती. सेफ्टी विभागासमोर मला तीन आठवडे हेच स्पष्ट करत बसावं लागलं. तेव्हा झोप लागत नव्हती, आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

म्हणून हे नीट समजून घ्या. साइन पेटणं आणि क्रूला बसायला सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हलक्या टर्ब्युलन्समध्ये साइन लागलेला असतानाही क्रूचं काम चालू राहू शकतं. ‘बी सीटेड’ म्हटलं की मात्र हातातलं सोडून बसायचं. रिपोर्टमध्ये दोन्हींची स्थिती वेगवेगळी लिहा आणि तीही दुखापत झाली त्या क्षणाची. त्याला जोडून तुम्हाला ते कसं कळलं तेही लिहा: साइन डोळ्यांनी पाहिला, चाइम ऐकली, की लीडने इंटरफोनवर सांगितलं? गॅलीत ओव्हन चालू असताना चाइम ऐकू येतेच असं नाही. ऐकली नसेल तर ‘ऐकली नाही’ असंच लिहा, त्यात काही कमीपणा नाही. ‘झाली होती’ या शब्दांमागे कोणी, कोणते शब्द उच्चारले आणि झटक्याआधी की नंतर, हे सगळं लपून जातं. कॅप्टनची सूचना वेगळी आणि प्रवाशांसाठी क्रूने हिंदी-इंग्रजीत केलेली अनाउन्समेंट वेगळी.

अंतर किती कमी असू शकतं पाहा. 21 मे 2024 ला लंडन–सिंगापूर विमान म्यानमारवर असताना जोरात हादरलं. सिंगापूरच्या तपास संस्थेच्या प्राथमिक अहवालानुसार, साइन लावल्याचं वैमानिकाने म्हटल्यानंतर साधारण आठ सेकंदांत पट्टा न बांधलेले लोक हवेत उडाले. आठ सेकंदांत भरलेली ट्रॉली जागी बसत नाही.

वेळ यूटीसीत लिहायची असते, म्हणजे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा. आमचा झटका 18:42 चा. मी तो नॅपकिनवरही टिपला नव्हता, तुम्ही टिपा. सेकंद माहीत नसतील तर बनवू नका, क्रम पुरतो.

काही सीनियर म्हणतात, ‘आधी सगळे बसून एकसारखं लिहू या.’ त्यांचा हेतू वाईट नसेल, पण ऐकू नका. पुढे बसलेल्याला दिसलं ते मागच्याला दिसत नाही, म्हणून जुळवलेल्या रिपोर्टांतूनच खरी माहिती गळून जाते. माझ्या लीडने मात्र ‘तुला दिसलं तेवढंच लिही’ म्हटलं होतं. मी ऐकलं नाही, कारण पूर्ण वाटावं म्हणून मी नंतर दिसलेलं आधीचं म्हणून भरलं.

‘किरकोळ’ हा शब्दसुद्धा तुम्ही लिहायचा नाही. माझा घोटा एक्स-रेत मोडलेला निघाला. आंतरराष्ट्रीय व्याख्येत बोट किंवा नाकाचं साधं फ्रॅक्चर वगळता हाड मोडलं की ती गंभीर इजा धरतात, आणि विमानात गंभीर इजा झाली की घटनेची नोंद ‘अपघात’ अशी होऊ शकते. तेव्हा सूज कुठे आहे, पाय टेकवता येतो का, एवढंच लिहा. निदान डॉक्टर करतील.

आणि पहिला रिपोर्ट चुकला म्हणून घाबरू नका, पुरवणी जबाब देता येतो. जुना खोडायचा नाही. मी दिला तो असा: ‘ट्रॉली ढकलताना झटका बसला. त्याआधी मला चाइम ऐकू आली नाही आणि कुठलीही सूचना ऐकली नाही. साइनकडे माझं लक्ष नव्हतं. पडल्यावर कॅप्टनची “बी सीटेड” ही सूचना ऐकली. जंपसीटवर बसल्यावर साइन पेटलेला पाहिला. पहिल्या रिपोर्टमधलं “ऑन होता” हे या शेवटच्या क्षणाबद्दल आहे.’