कानबाईच्या पाहुण्यांसाठी गेटवर यादी, कोड आणि नोंदवही कशी चालवावी

नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात कानबाई देवी बसते, रात्री जागरण होतं आणि सोमवारी ती विसर्जनाला नदीवर निघते. धुळ्यातल्या आमच्या सोसायटीत ५६ फ्लॅट आहेत. गेट एकच आणि वॉचमन दोन. त्या दोन दिवसांत शिरपूर, साक्री, दोंडाईचा, शिंदखेड्याहून भाऊबंद येतात. पूर्वी वॉचमन "कोना घर?" विचारायचा आणि उत्तर मिळालं की आत सोडायचा. एका वर्षी जागरणाच्या गर्दीत दोन मोबाइल आणि एक सायकल गेली. दुसऱ्या दिवशी रजिस्टर उघडलं, तर रात्रभरात जेमतेम अकरा नोंदी होत्या. तेव्हापासून आम्ही पाहुण्यांची यादी आणि गेटवर सांगायचा, एकदाच चालणारा चार आकडी कोड वापरतो. त्यात ठेचा खात जे शिकलो, ते इथे लिहितो.

१. यादी माणसांची नको, गटांची हवी

कार्यक्रमाच्या आधीच्या बुधवारपर्यंत प्रत्येक फ्लॅटकडून यादी घ्या. सगळ्या पाहुण्यांची नावं लिहून मागू नका, कोणी देत नाही. फक्त एवढं विचारा: एकत्र कोण येणार, किती जण आणि कोणत्या दिवशी. साक्रीचे काका-काकू दुपारच्या एसटीने येणार असतील आणि त्यांचा मुलगा रात्री नऊला मोटरसायकलवर येणार असेल, तर ते दोन गट धरायचे आणि त्यांना दोन कोड द्यायचे. पहिल्या वर्षी आम्ही घरागणिक एकच कोड दिला होता. काका-काकू आत आले, तिथेच कोड संपला आणि मुलगा गेटबाहेर अर्धा तास उभा राहिला. गेल्या वर्षी २३६ पाहुण्यांचे ७४ गट झाले.

२. कोड तयार करणे

शीटमध्ये एका ओळीत एक गट घ्या: A मध्ये फ्लॅट, B मध्ये गटातल्या एकाचं नाव, C मध्ये माणसं, D मध्ये दिवस, E मध्ये कोड. E2 मध्ये पहिलं सूत्र टाकून खाली ओढा, F2 मध्ये दुसरं.

```
=RANDBETWEEN(1000,9999)
=COUNTIF(E:E,E2)
```

F मध्ये कुठे १ पेक्षा मोठा आकडा दिसला, तर तो कोड दोनदा आलाय. हे क्वचित घडतं असं समजू नका. ७४ कोडांत एखादी जोडी सारखी निघण्याची शक्यता साधारण चारात एक असते. १००० पासून सुरुवात करण्याचंही कारण आहे: ०४८२ सारखा कोड शीटमध्ये पुढचं शून्य गमावून ४८२ होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे सूत्र शीटमध्ये काहीही बदललं की नवा आकडा काढतं. मी एकदा शनिवारी कोड पाठवले आणि रविवारी सकाळी एका नावातली चूक दुरुस्त करून गेटसाठी यादी छापली. संध्याकाळी पहिल्याच गाडीचा कोड जुळेना. मग दुसरीचा नाही, तिसरीचाही नाही. त्या एका दुरुस्तीने सगळे कोड बदलले होते. म्हणून कोड निघाले की लगेच E चा रकाना कॉपी करा आणि त्याच जागी फक्त आकडे म्हणून पेस्ट करा (गूगल शीट्समध्ये Ctrl+Shift+V). कोडाच्या खान्यावर क्लिक केल्यावर वर सूत्र न दिसता नुसता आकडा दिसला पाहिजे. सारखे निघालेले कोड यानंतरच हाताने बदला.

चार आकडे पुरतात का, असं आमच्या कमिटीत विचारलं गेलं. वॉचमनने नुसता कोड विचारला तर नाही पुरत. ९००० आकड्यांत ७४ चालू असतात, म्हणजे अंदाजाने सांगणाऱ्याचा शंभर-सव्वाशे प्रयत्नांत एखादा लागतो. पण आधी फ्लॅट नंबर विचारला आणि कोड त्याच फ्लॅटचा असला पाहिजे असं ठरवलं, की एका फ्लॅटचे दोन-तीनच कोड उरतात. मग अंदाज लागणं जवळपास अशक्य. मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे मात्र कोड म्हणून देऊ नका, ते अर्ध्या गावाला माहीत असतात.

कोड सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत. प्रत्येक फ्लॅटला त्याचे कोड वेगळे पाठवा, ते पुढे पाहुण्यांना देतील. ज्यांच्याकडे फोन नाही, त्या आजी-आजोबांसाठी घरच्यांनी कोड चिठ्ठीवर लिहून त्यांना घेऊन येणाऱ्याजवळ द्यावा.

३. गेटवरची यादी

यादी फ्लॅट नंबरच्या क्रमाने छापा. आडनावाने लावली तर खान्देशात पाटील, चौधरी, महाजन यांची पानंच्या पानं भरतात आणि वॉचमन त्यात हरवतो. प्रत्येक ओळीत वेळ आणि गाडी नंबर यांसाठी मोकळी जागा ठेवा, म्हणजे हीच यादी नोंदवही होते. यादीची प्रत एकच असावी. दुसऱ्या वॉचमनला दुसरी प्रत दिली, तर एकाने खोडलेला कोड दुसऱ्याकडे चालूच राहतो. दोन गेटं असतील तर फ्लॅट वाटून द्या, अमुक विंगचे पाहुणे अमुक गेटने. मोबाइलवरची सामाईक शीटही चालते, पण वीज आणि नेट गेल्यावर कागदच हातात उरतो.

वॉचमनने करायचं ते एवढंच: फ्लॅट विचारायचा, ती ओळ काढायची, कोड पाहुण्याच्या तोंडून ऐकायचा, माणसं मोजायची, वेळ लिहायची, कोडावर आडवी रेघ मारायची. कोड त्याने वाचून "हाच ना?" असं विचारायचं नाही. आणि रेघ त्याच क्षणी मारायची. "मग मारतो" म्हटलेली रेघ गर्दीत राहून जाते आणि तोच कोड पुन्हा चालतो.

चार लिहिलेत आणि पाच आले, तर पाच हा आकडा लिहून आत घ्या. चारच्या जागी नऊ आले तर फ्लॅटवाल्याला खाली बोलवा.

४. परत येणाऱ्यांचं काय?

कानबाईत खरी अडचण इथेच येते. सोमवारी सगळे मिरवणुकीसोबत नदीवर जातात आणि शे-दीडशे माणसं एकदम परतात. कोड तर रविवारीच खोडलेले. म्हणून पहिल्यांदा आत येताना मनगटाला रंगीत रिबन बांधतो. त्यानंतर ये-जा रिबनवर. आधी हातावर शिक्का मारून पाहिला होता, पण जेवून हात धुतले की तो पुसट होतो. रिबनला गाठ वॉचमननेच मारायची. हातात दिली तर ती दुसऱ्याच्या हातात जाते. सोमवारी नव्याने येणाऱ्यांना वेगळा रंग.

आचारी, मांडववाले, वाजंत्री यांना कोड देऊ नका, त्यांच्या दिवसातून दहा फेऱ्या होतात. ठेकेदाराकडून नावं घेऊन वेगळ्या पानावर लिहा आणि त्यांना तिसऱ्या रंगाची रिबन बांधा.

५. यादीत नसलेला पाहुणा

असे दहा-बारा जण येणारच. आपल्याकडे दारातून पाहुणा परत पाठवत नाहीत, आणि तशी गरजही नाही. गेटच्या आत बाजूला चार खुर्च्या आणि पाण्याचा जार ठेवा. पाहुण्याला बसवा, फ्लॅटवर फोन करा, घरच्यांनी खाली यावं आणि यादीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर सही करून त्यांना घेऊन जावं. फोनवर नुसतं "हो, सोडा" चालवू नका. जागरणाच्या आवाजात नाव नीट ऐकूच येत नाही. रांग मात्र थांबता कामा नये, म्हणून संध्याकाळी सात ते नऊ कमिटीतला एक जण या खुर्च्यांपाशी हवा.

आधार कार्ड मागू नका, त्याची प्रत तर मुळीच ठेवू नका. सोमवारी दुपारी यादी सेक्रेटरीने ताब्यात घ्यावी. वाटलेल्या रिबनींची संख्या आणि नोंदलेली माणसं ताडून पाहा. रिबनी बऱ्याच जास्त गेल्या असतील, तर कुठल्या तरी तासाला नोंद न करता माणसं सोडली गेलीत. वेळेच्या रकान्यात मोठी फट दिसेल, तोच तो तास. आमच्याकडे ती जेवणाच्या वेळी, साडेआठच्या सुमाराला सापडली: एक वॉचमन पंगतीला गेला होता आणि दुसरा गाड्या लावून देत होता. आता दोघांचं जेवण पाहुण्यांच्या आधी, सहा वाजता होतं. यादी आम्ही महिनाभर कपाटात ठेवतो आणि मग फाडून टाकतो.