जिगसॉ लावला तरी मुलांना फक्त स्वतःचाच भाग येतो? नागरिकशास्त्राच्या तासाला या चुका टाळा

सहावीचा ग्रामीण स्थानिक शासनाचा धडा मी पहिल्यांदा जिगसॉने घेतला तेव्हा वर्ग नुसता गजबजून गेला होता, सगळी मुलं बोलतायत, चार्ट रंगवतायत, एकमेकांना समजावतायत, मला वाटलं जमलं! आठ दिवसांनी चाचणी घेतली तर ज्याने ग्रामसभा वाचली होती त्याला ग्रामसभाच येत होती, पंचायत समितीचा प्रश्न आला की कोरं. म्हणजे चौघांनी मिळून एक धडा पूर्ण केला होता पण पूर्ण धडा एकालाही आला नव्हता. त्यानंतर दरवर्षी हाच धडा याच पद्धतीने घेतेय आणि कुठे काय बिघडतं ते आता बरंच कळलंय, म्हणून लिहितेय.

ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-चार मुलांचे मूळ गट करायचे, धड्याचे चार भाग करायचे, गटातल्या प्रत्येकाला एक भाग. मग एकच भाग मिळालेली मुलं उठून तज्ज्ञ गटात बसतात, तो भाग पक्का करतात, परत मूळ गटात येतात आणि बाकीच्या तिघांना शिकवतात. शेवटी चाचणी, ती मात्र प्रत्येकाची एकट्याची. एलियट अॅरॉन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी 1971 मध्ये अमेरिकेत टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरात हे सुरू केलं, तिथे गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि आपसात धुसफूस चालू होती. एकाकडचा तुकडा दुसऱ्याला लागणारच अशी मांडणी केली की ऐकून घ्यावंच लागतं, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे प्रशिक्षणात गट आणि चार्ट एवढंच लक्षात राहतं, एकट्याची चाचणी गळून पडते.

माझे चार भाग असे असतात: ग्रामसभा, ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद. वेळ जोडतासाचा, म्हणजे 35 मिनिटांच्या दोन तासिका लागोपाठ. एका तासिकेत बसवायला जाऊ नका, होत नाही, शिकवण्याची पायरी कापली जाते आणि तीच तर मुख्य.

पुस्तक उघडं राहणं

पहिली चूक अगदी साधी. प्रत्येकाच्या दप्तरात पूर्ण धडा आहे. मग शेजारची मुलगी पंचायत समिती सांगतेय आणि बाकीचे तिघं पुस्तकात तेच पान काढून वाचतायत, तिचं कोण ऐकणार? म्हणून पुस्तकं दप्तरात आणि प्रत्येक भागाची अर्ध्या पानाची वेगळी पट्टी, आठ-दहा वाक्यांची. तज्ज्ञ गटात पट्टी हातात, मूळ गटात येताना पट्टी टेबलावर ठेवून यायचं, सोबत फक्त स्वतःच्या हाताने लिहिलेले पाच शब्द. पट्टी सोबत दिली की मुलं ती वाचून दाखवतात, शिकवत नाहीत, आणि वाचून दाखवलेलं ऐकणाऱ्याच्या डोक्यात काही राहत नाही.

पट्टी स्वतः तयार करताना जुन्या गाईडवरून उतरवू नका. सरपंचाची निवड महाराष्ट्रात 2017 मध्ये थेट लोकांतून झाली, 2020 मध्ये परत सदस्यांमधून, आणि 2022 पासून पुन्हा थेट. कोणत्या वर्षीचं पुस्तक हातात आहे त्यावर मुलांचं उत्तर बदलतं, आणि घरी आईवडील वेगळंच सांगतात, मग मूल गोंधळतं. ग्रामसेवकाचंही तसंच, पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय पण गावात सगळे ग्रामसेवकच म्हणतात, मी पट्टीवर दोन्ही लिहिते.

आणि शेवटचा प्रश्न असा हवा की चारही तुकडे लागल्याशिवाय सुटणार नाही. मी हा देते: गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या एका खोलीचं छप्पर गळतंय, ते दुरुस्त व्हायला कोण काय करेल? यात गावकरी विषय मांडतात ती ग्रामसभा, ठराव करून पाठपुरावा करते ती ग्रामपंचायत, तालुक्याला गटविकास अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी बसतात ती पंचायत समिती, आणि शाळा जिची आहे आणि मोठा निधी जिथून मंजूर होतो ती जिल्हा परिषद. आधी मी "ग्रामसभा म्हणजे काय" असले प्रश्न द्यायचे, ते त्या त्या भागवाल्याने लिहून टाकले की संपलं, बाकीच्यांना कामच नाही.

तज्ज्ञ गटातून न तपासता सोडणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. एका वर्षी ग्रामपंचायतीच्या तज्ज्ञ गटात एका हुशार मुलाने ठामपणे सांगितलं की ग्रामसेवकाला सरपंच नेमतो, सरपंच त्याचा साहेब. सगळ्यांनी मान डोलावली कारण गावात तसंच दिसतं. खरं म्हणजे ग्रामसेवक शासनाचा कर्मचारी, नेमणूक जिल्हा परिषदेकडून होते. ती मुलं सात मूळ गटांत गेली आणि सातही गटांत हीच चूक शिकवून आली. साध्या गटकार्यात चूक एका गटापुरती राहते, जिगसॉमध्ये ती पूर्ण वर्गात पसरते, हे लक्षात घ्या.

आता मी मूळ गटात जाण्याआधी पाच मिनिटांची तपासणी ठेवते. पट्टी पालथी, चिठ्ठीवर तीन प्रश्न, प्रत्येकाने आपापलं लिहायचं. ग्रामपंचायतीसाठी माझे तीन प्रश्न: ग्रामसेवकाला कोण नेमतं, घरपट्टी कोण गोळा करतं, महिलांसाठी किती जागा राखीव (निम्म्या). मी फिरून फक्त पहिला प्रश्न बघते कारण चूक तिथेच होते. कोणाचं चुकलं असेल तर त्याच टेबलावर पट्टी उलटून तेच वाक्य शोधायला सांगते, मी उत्तर सांगत नाही.

तज्ज्ञ गट मोठा झाला तरी हेच होतं, आठ जण बसले की तीन बोलतात, पाच ऐकतात. सात मूळ गट असतील तर एका भागाचे सात तज्ज्ञ होतात, त्यांचे चार आणि तीन असे दोन टेबल करा.

भूमिका नावापुरत्या देणं

गटप्रमुख, लेखक, सादरकर्ता. मीही हेच द्यायचे. होतं काय, ज्याचं अक्षर चांगलं तो लेखक, तो लिहितो आणि बाकीचे बघतात, आणि गटप्रमुख म्हणजे जी नेहमीच पुढे असते ती. लेखक ही भूमिकाच मी काढून टाकली, प्रत्येकजण स्वतःच्या वहीत लिहितो.

आता फक्त तीन कार्डं असतात कारण चौघांतला एक शिकवत असतो आणि ऐकणारे तीनच उरतात. पहिलं कार्ड वेळेचं, सहा मिनिटं, पाचव्या मिनिटाला हात वर. दुसरं प्रश्नाचं, याने शिकवणाऱ्याला किमान एक "का" किंवा "मग कोण" विचारायचंच. तिसरं पडताळणीचं, याने शेवटी शिकवणाऱ्याला नाही तर दुसऱ्या एखाद्या ऐकणाऱ्याला म्हणायचं, "आता तू तुझ्या शब्दांत सांग." एकाचं शिकवून झालं की पुढचा शिकवणारा आपलं कार्ड त्याच्या हातात देतो, म्हणजे कार्डं आपोआप फिरतात. कार्डावर भूमिकेचं नाव नाही तर बोलायचं वाक्यच लिहा, सहावीच्या मुलाला "पडताळणारा" म्हणजे नेमकं काय करायचं ते कळत नाही, वाक्य दिलं की तो बोलतो.

बुजरी मुलं शिकवताना अडखळतात आणि एखादं चटपटीत मूल मध्येच त्यांचा भाग सांगून टाकतं. तिथे प्रश्नाचं कार्ड उपयोगी पडतं, त्या चटपटीत मुलाच्या हातात मुद्दाम ते कार्ड येईल असं पहिल्या फेरीचं वाटप करा, मग त्याला विचारावं लागतं, सांगता येत नाही.

गटाला एकच गुण देणं

चार्टला दहापैकी आठ, चौघांना आठ. इथेच वैयक्तिक जबाबदारी संपते. मी शेवटच्या दहा मिनिटांत आठ प्रश्नांची चाचणी घेते, प्रत्येक भागाचे दोन, मुलं वेगवेगळी बसवून, मदत नाही. गुण ज्याचे त्याचे. पण खरा फायदा गुणांत नाही, तक्त्यात आहे. वहीत आडव्या ओळींत गट, उभ्या रकान्यांत चार भाग, आणि प्रत्येक चौकोनात दोन आकडे लिहायचे: त्या भागाच्या तज्ज्ञाला दोनपैकी किती, आणि बाकीच्या तिघांना मिळून सहापैकी किती.

गेल्या वर्षीचं उदाहरण देते. गट 3, पंचायत समिती: तज्ज्ञाला 2, बाकीच्यांना 0. म्हणजे मुलीला स्वतःला येत होतं, पोचलं नाही. विचारलं तर कळलं की ती चौथी बोलणार होती आणि आधीच्या तिघांनी वेळ खाल्ला, तिला दीडच मिनिट मिळालं. दोष वेळेच्या कार्डाचा, पुढच्या वेळी क्रम उलटा लावला. गट 5, ग्रामसभा: तज्ज्ञाला 0, बाकीच्यांना 1. इथे तज्ज्ञ गटातच काम झालं नव्हतं, त्याची चिठ्ठी माझ्याकडून बघायची राहून गेली होती. आणि जिल्हा परिषदेचा पूर्ण रकानाच पडलेला, सातपैकी सहा गटांत तज्ज्ञांनाही 1 किंवा 0. इतक्या सगळ्यांचं एकाच जागी चुकतं तेव्हा मुलांना बोलू नका, पट्टी बघा. माझ्या पट्टीत अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी एकाच वाक्यात होते, निवडून आलेला कोण आणि नेमलेला कोण ते त्या वाक्यातून कळतच नव्हतं. दोन वाक्यं केली.

तक्ता भरायला मला 29 मुलांचा अर्धा-पाऊण तास लागतो, दरवेळी नाही जमत, पण नवीन धडा पहिल्यांदा घेताना तरी भराच.

गैरहजेरी

पटावर 32, आलेली 29. आदल्या दिवशी गट पाडून ठेवले की सकाळी सगळं कोसळतं. गट हजेरी झाल्यावरच पाडा: 29 म्हणजे चारचे सहा आणि पाचचा एक. पाचव्याला ग्रामसभेची पट्टी जोडीने द्या, ती सगळ्यात सोपी, आणि दोघांनी अर्धी-अर्धी शिकवायची. नुकतं वाचायला लागलेलं मूल असेल तर त्यालाच या जोडीत ठेवते, पण त्याची अर्धी वाक्यं त्यानेच बोलायची, चाचणीही त्याने द्यायची, लिहिता येत नसेल तर तोंडी.

जी तीन मुलं आली नव्हती त्यांना दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर कालच्या एकेका गटात बसवते आणि गटातली चार मुलं प्रत्येकी दोन-दोन मिनिटांत आपला भाग सांगतात, यावेळी सांगणाऱ्याने स्वतःचा नाही तर दुसऱ्याचा भाग सांगायचा. कोण ऐकत होतं ते इथे लगेच दिसतं.