वेबसाइटचं लाँच क्लायंटच्या कंटेंटमुळे अडलंय? तो ईमेल लिहिताना या चुका टाळा

दापोलीजवळच्या एका होमस्टेची वेबसाइट तयार आहे असं समजू. डिझाइन पास झालंय, लाँच सोमवारी १५ तारखेला ठरलंय. मालकीणबाईंनी कबूल केलेले खोल्यांचे फोटो, सीझनचे दर आणि बुकिंग रद्द करण्याचे नियम मात्र १० तारीख उजाडली तरी हातात नाहीत. आता तारीख पुढे जाणार हे कळवायचं आहे.

पहिली चूक मेल लिहायच्या आधीच होते. खरंच काही आलं नाही का, हे कुणी नीट बघत नाही. अनेकदा क्लायंटने ड्राइव्हची लिंक पाठवलेली असते, पण परवानगी दिलेली नसते आणि ‘Request access’ दिसल्यावर आपल्याकडून ती तशीच राहून जाते. किंवा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवलेले असतात. ते वाटेत आकसतात, मोबाइलवर छान दिसतात आणि होमपेजच्या मोठ्या बॅनरवर फुटतात. अशा वेळी ‘फोटो मिळाले नाहीत’ असं लिहिलंत की क्लायंट दुखावतो, आणि त्याचं बरोबरच असतं. ‘फोटो मिळाले, पण मोठ्या स्क्रीनवर धूसर दिसतात, तेच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवाल का?’ असं विचारा.

दुसरी चूक म्हणजे खरं कारण झाकणं. क्लायंटला वाईट वाटू नये म्हणून ‘काही तांत्रिक अडचणींमुळे’ असं लिहिणारे खूप आहेत. मला ही सगळ्यात घातक चूक वाटते. उशीर तुमच्या नावावर लिहिला जातो, आणि अडचण आपल्याकडे आहे हे न कळल्यामुळे क्लायंट फोटो शोधायला बसतही नाही. याच्या उलट ‘तीनदा आठवण करूनही तुम्ही दिलं नाही’ हे वाक्य भांडणाला आमंत्रण देतं. कर्ता माणूस न ठेवता काम ठेवा: ‘खोल्यांच्या पानासाठी फोटो आणि दर बाकी आहेत.’

तिसरी चूक, ‘कंटेंट लवकर पाठवा’ म्हणणं. होमस्टे चालवणाऱ्या माणसाला त्यातून नेमकं काय करायचं ते कळत नाही. प्रत्येक गोष्ट वेगळी मागा आणि ती कशासाठी अडली आहे ते सांगा. रद्द करण्याच्या नियमांचंच बघा. क्लायंटला ते किरकोळ वाटतात. पण पेमेंट गेटवेवाले खातं सुरू करण्याआधी वेबसाइट तपासतात आणि त्यात परतावा व रद्द करण्याच्या नियमांचं पान बघतात. ते नसेल तर मंजुरी अडते आणि ऑनलाइन पैसे घेता येत नाहीत. हे एका वाक्यात सांगितलं की तोच मजकूर पटकन येतो.

चौथी चूक नव्या तारखेची. ‘आता २० ला नक्की’ असं लिहून मोकळे झालात आणि फोटो १९ ला आले, की पुन्हा माफी. तारीख कंटेंटला बांधा. हा मेल असा जाऊ शकतो:

विषय: वेबसाइट लाँच १५ ऐवजी १८ ला, शुक्रवारपर्यंत ३ गोष्टी हव्यात

नमस्कार मॅडम,
वेबसाइटचं डिझाइन आणि बुकिंग फॉर्म तयार आहे. पुढच्या तीन गोष्टी बाकी असल्याने १५ तारखेला लाँच करता येणार नाही:
१. पाचही खोल्यांचे फोटो (मूळ फाइल, डॉक्युमेंट म्हणून)
२. सीझन आणि ऑफ-सीझनचे दर
३. बुकिंग रद्द केल्यास किती पैसे परत, हे नियम. पेमेंट गेटवेच्या मंजुरीसाठी हे पान लागतं.
शुक्रवारी १२ ला संध्याकाळपर्यंत सगळं मिळालं तर सोमवार ते बुधवार ते लावून, मोबाइलवर तपासून गुरुवारी १८ ला लाँच करू. त्यानंतर मिळालं तर कामाचे जेवढे दिवस जातील तेवढी तारीख पुढे जाईल.
नियम ठरायला वेळ लागणार असेल, तर फोटो आणि दरांवर १८ ला साइट सुरू करून बुकिंग तूर्त फोनवर घेता येईल. चालेल का?

शेवटचा पर्याय द्यायला बरेच जण विसरतात. अर्धी साइट सुरू करणं प्रत्येक वेळी जमत नाही. नमुन्याचे फोटो आणि खोटे दर ठेवून मात्र कधीच लाँच करू नका, कारण पर्यटक तोच दर धरून फोन करतात.

हा मेल १४ च्या रात्री पाठवला तर त्याचा उपयोग संपलेला असतो. तीन-चार दिवस हातात हवेत, आणि पाठवल्यावर एक फोनही करा. शुक्रवारी संध्याकाळी त्याच मेलला उत्तर देऊन काय आलं, काय राहिलं आणि तारीख कुठे गेली ते लिहा.

आणि शेवटचा हप्ता लाँचवर ठरला असेल, तर त्याची मागणी या मेलमध्ये घालू नका. दोन्ही एकत्र आलं की फोटोंची यादी बाजूला पडते आणि उत्तर फक्त पैशांवर येतं. हप्त्याचा मेल वेगळा लिहा, तोही करारात तशी अट असेल तर ती दाखवून.