नेपिअरची कांडी गणपतीच्या सुमारास लावा: कोकणासाठी सल्ला

संकरित नेपिअरची लावण जूनच्या पहिल्या पावसाबरोबर करावी, असं घाटावरच्या माहितीपत्रकांत वाचायला मिळतं. तिकडे ते ठीक आहे. आपल्याकडे जुलैत जो पाऊस पडतो त्यात नुकती लावलेली कांडी टिकत नाही. मी पहिल्या वर्षी जुलैत सपाट तुकड्यात लावण केली होती. पंधरा दिवसांनी एक कांडी उपटून पाहिली तर मातीतला भाग काळा पडलेला, दाबला की आंबूस वासाचं पाणी येत होतं. अर्ध्याहून जास्त कांड्या तशाच गेल्या. म्हणून उतारावरची, पाणी लगेच निघून जाणारी जागा असेल तरच जूनमध्ये लावा. बाकीच्यांनी नारळी पौर्णिमेनंतर पावसाचा जोर ओसरू द्यावा आणि ऑगस्टअखेर ते सप्टेंबर या काळात लावण करावी. पुढे ऑक्टोबरपासून विहिरीचं किंवा पाटाचं पाणी मात्र हवं, त्याशिवाय या पिकाच्या नादी लागू नये.

नेपिअर म्हणजे बाजरी आणि हत्ती गवताचा संकर. त्याला उगवणारं बी धरत नाही, म्हणून लावण कांड्यांनीच करावी लागते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे फुले जयवंत आणि फुले गुणवंत किंवा कोइम्बतूरचा को-४ यांपैकी जवळपास ज्याचं चांगलं बेणं मिळेल ते घ्या. वाणापेक्षा बेण्याचं वय महत्त्वाचं. तीन महिन्यांचा, न कापता वाढू दिलेला फुटवा घ्यायचा. शेंड्याकडचा कोवळा भाग टाकून द्यायचा, कारण तो कुजतो तरी किंवा वाळतो तरी. खालच्या आणि मधल्या भागाच्या दोन डोळ्यांच्या कांड्या धारदार कोयत्याने एका घावात तोडायच्या. टोक चेचलं की कूज तिथूनच सुरू होते.

कांडी उलटी लागते, ही मजुरांकडून हमखास होणारी चूक. हातात घेऊन पेराजवळ नीट पाहा. पान जिथे चिकटलेलं होतं तिथे एक कडं दिसतं आणि डोळा त्या कड्याच्या वर असतो. म्हणजे कडं खाली, डोळा वर, अशी धरून कांडी तिरपी खोचायची. एक डोळा मातीत आणि एक मातीच्या वर. सपाट जागेत आधी वरंबे करून वरंब्याच्या कुशीत लावा, म्हणजे उशिराचा मोठा पाऊस आला तरी पाणी सरीतून निघून जाईल. दहा ते पंधरा दिवसांत कोंब दिसतात. तीन आठवड्यांनी नांगे भरून घ्यायचे, त्यासाठी दहाव्या हिश्शाइतक्या कांड्या कडेला दाट लावून ठेवाव्यात.

आता अंतर, आणि त्याचा गोठ्याशी कसा मेळ घालायचा ते. दोन ओळींत ९० सेंटिमीटर आणि दोन कांड्यांत ६० सेंटिमीटर ठेवायचे. माझा तुकडा साधारण ८ गुंठ्यांचा, १८ मीटर रुंद आणि ४५ मीटर लांब आहे. त्यात ३० ठोंबांची एक ओळ अशा ५० ओळी बसल्या, म्हणजे एकूण १,५०० ठोंब. नेपिअर दर ५० दिवसांनी कापायला येतं, म्हणून रोज एक ओळ कापायची. शेवटची ओळ संपते तेव्हा पहिली पुन्हा तयार असते.

पण सगळ्या ५० ओळी एकाच दिवशी लावल्या तर हा क्रम जमत नाही. पहिली कापणी लावणीनंतर ६५ दिवसांच्या आसपास येते. रोज एक ओळ कापत गेलात तर शेवटच्या ओळी ११० दिवसांच्या होतात, ताटं लाकडासारखी होतात आणि गाय खालचा अर्धा भाग गव्हाणीत तसाच सोडते. म्हणून २५ ओळी ऑगस्टअखेरीस लावा आणि उरलेल्या ओळी त्यानंतर २५ दिवसांनी. पहिल्या २५ ओळी कापून होतात तेव्हा दुसरा भाग ६५ दिवसांचा झालेला असतो. तो कापून होईतो पहिल्या ओळीचा फुटवा ५० दिवसांचा होतो. नोव्हेंबरपासून गाडी सुरळीत चालते.

खताचं प्रमाण शिफारशीनुसार हेक्टरी ५० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश. आठ गुंठ्यांना लावणीच्या वेळी सुमारे ९ किलो युरिया, २५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि साडेपाच किलो म्युरेट ऑफ पोटॅश होतं. शेणखत गुंठ्याला १०० ते १५० किलो तरी हवं. आपल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत स्फुरद मातीलाच बांधलं जातं, म्हणून सुपर फॉस्फेट मोकळं न फेकता शेणखतात मिसळून सरीत द्या. पुढे प्रत्येक कापणीनंतर हेक्टरी २५ किलो नत्र, म्हणजे आपल्या एका ओळीला जेमतेम ९० ग्रॅम युरिया. दोन मुठी ३० ठोंबांना बुडाशी वाटून द्यायच्या आणि लगेच पाणी सोडायचं. जुलैच्या धो-धो पावसात युरिया टाकू नका, तो वाहून जातो. त्या महिन्यात गोठ्यातलं शेण-मूत्र ओळीत सोडलं तरी पुरतं.

कापताना जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर बुडखा ठेवायचा, पावसाळ्यात थोडा जास्तच, म्हणजे तो चिखलात बुडत नाही. महिन्याभराचा हिरवागार फुटवा पाहून कापायचा मोह होतो, तो आवरा. कोवळ्या नेपिअरमध्ये ऑक्झॅलिक आम्ल जास्त असतं आणि ते चाऱ्यातलं कॅल्शियम जनावराच्या अंगी लागू देत नाही. शिवाय शेण पातळ होतं. भाताचा पेंढा घातला की शेण घट्ट होतं खरं, पण पेंढ्यातही ऑक्झॅलिक आम्ल असतंच. त्यामुळे कॅल्शियमची तूट पेंढ्याने भरून निघत नाही. दुभत्या गाईला खनिज मिश्रण रोज द्या आणि बांधावर शेवरी किंवा गिरिपुष्प लावून त्याचा पाला कुट्टीत मिसळा.

उत्पन्नाचं म्हणाल तर भरपूर पाणी आणि खोल काळी जमीन असेल तर हेक्टरी वर्षाला २०० टनांवरही चारा निघतो. जांभ्या जमिनीवर मी १५० टनांचाच हिशेब धरतो. एका ठोंबाला एका कापणीत सरासरी एक किलो शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर. म्हणजे ३० ठोंबांची ओळ रोज ३३ किलोच्या आसपास देते, दोन संकरित गाईंच्या हिरव्या चाऱ्याला पेंढ्याच्या जोडीने पुरेल इतकी. नारळाच्या दाट सावलीत यातलं बरंच कमी धरा.

एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला गेली की वाढ थांबते. तेव्हा अर्ध्या ओळींनाच चार-पाच दिवसांनी पाणी द्या, बाकीच्या कापून बुडाशी पातेरा पसरा. ठोंब मरत नाही, पहिल्या पावसाला पुन्हा फुटतो. त्या दोन महिन्यांसाठी पेंढ्याची उडवी वेगळी राखून ठेवा. तीन-चार वर्षांनी ठोंबाचा मधला भाग वाळून पोकळ होतो आणि फुटवे फक्त कडेने येतात. असे ठोंब दिसू लागले की त्या ओळी खणून काढा आणि नवीन कांडी लावा. बेण्यासाठी चांगल्या ओळीतले दहा ठोंब जूनपासून न कापता राखून ठेवले की ऑगस्टअखेर ते तयार असतात.