सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस कशी काढावी, आणि प्रॉक्सीबद्दल तिच्यात काय लिहावे

वडोदऱ्यात कारेलीबाग, मांजलपूर किंवा दांडिया बाजाराकडच्या सोसायटीत मराठी माणसाकडे मंत्रीपद आले, की पहिल्या सभेआधी तो बहुधा पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाकडून नोटिशीचा नमुना मागवतो. तो नमुना तसाच वापरू नका. त्यात महाराष्ट्राचा 1960 चा कायदा आणि तिथल्या उपविधींचे क्रमांक असतात. आपल्याला लागू होतो तो गुजरात सहकारी मंडळी अधिनियम, 1961. वार्षिक सभा त्याच्या कलम 77 खाली बोलवायची. तिचे तपशील, म्हणजे किती दिवस आधी कळवायचे आणि गणसंख्या किती, हे तुमच्या मंडळीच्या नोंदणी झालेल्या पेटानियमांत असतात. ती पुस्तिका समोर ठेवल्याशिवाय लिहायला बसू नका.

आधी तारीख ठरवा आणि उलटे मोजत या. साठ सभासदांची एक सोसायटी घेऊ. सभा रविवार, 23 ऑगस्ट 2026 ला आहे आणि पेटानियम चौदा पूर्ण दिवसांची नोटीस मागतो. 'पूर्ण' या शब्दामुळे नोटीस हातात पडल्याचा दिवस आणि सभेचा दिवस, दोन्ही धरायचे नाहीत. 9 ते 22 ऑगस्ट हे चौदा दिवस झाले, म्हणून शेवटच्या सभासदाला नोटीस 8 तारखेपर्यंत मिळालीच पाहिजे. टपालाने जाणारी पत्रे त्याच्या आठवडाभर आधी टाका. चूक नेमकी इथे होते: नोटिशीवर तारीख 8 ऑगस्टची असते, पण वाटप 11 तारखेपर्यंत चाललेले असते. वाद झाला की कागदावरची तारीख कोणी विचारत नाही, पोहोच पाहतात.

आता मजकूर. वर मंडळीचे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक. खाली दिवस, तारीख, वेळ आणि नेमकी जागा. 'सोसायटीत' एवढेच न लिहिता 'सी विंगखालचे पार्किंग, सकाळी 10' असे लिहा. गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी घेण्याची सोय पेटानियमात असेल, तर तेही याच नोटिशीत छापा. तहकूब सभेत मूळ यादीतलेच विषय घेता येतात, नवा एकही नाही.

विषयपत्रिकेचे नेहमीचे विषय झटपट लिहून होतात: मागच्या सभेचे इतिवृत्त मंजूर करणे, 2025-26 चा अहवाल आणि तपासलेले हिशेब, ऑडिटरचे शेरे व त्यांची पूर्तता, 2026-27 चे अंदाजपत्रक, ऑडिटरची नेमणूक. खरे भान लागते ते खर्चाच्या विषयाला. 'गच्चीच्या दुरुस्तीबाबत विचार करणे' असे मोघम लिहिले, तर सभेत वर्गणी ठरवता येत नाही, कारण घरी राहिलेल्या सभासदाला आपल्या खिशाला हात लागणार आहे हे कळलेलेच नसते. असे लिहा:

«विषय 6: तीनही विंगांच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग. अंदाजे खर्च रु. 5,40,000. सिंकिंग फंडातून रु. 1,80,000. उरलेले रु. 3,60,000 साठ सभासदांकडून प्रत्येकी रु. 6,000, दोन समान हप्त्यांत, घेण्यास मंजुरी देणे. आलेली तीन कोटेशने मंत्र्यांकडे पाहायला मिळतील.»

'प्रमुखांच्या परवानगीने येणारे इतर विषय' ही शेवटची ओळ चर्चेपुरती आहे. पैसे किंवा नियम बदलणारा ठराव तिच्यात घुसवू नका.

आणि आता प्रॉक्सी. घरोघरी कंपन्यांचे शेअर असतात, त्यामुळे सभा म्हटली की प्रॉक्सी फॉर्म हवाच असे लोकांना वाटते. कंपनी कायद्यात तशी सोय आहे आणि तो फॉर्म सभेच्या 48 तास आधी द्यायचा असतो. काही मंत्री तोच फॉर्म नाव बदलून नोटिशीला जोडतात. सहकारी मंडळीत मात्र कलम 28 प्रमाणे एका सभासदाला एकच मत असते, आणि ते त्याने स्वतः हजर राहून द्यायचे असते, प्रॉक्सीने नाही. म्हणून फॉर्म जोडायचा नाही, उलट तो चालणार नाही हे नोटिशीत ठळक छापायचे.

चिठ्ठ्या मोजल्या तर काय होते ते आकड्यांत पाहा. सभेला 26 सभासद आहेत आणि गच्चीच्या ठरावावर 14 बाजूने, 12 विरोधात मते पडली. ठराव मंजूर. आता कोणी परगावच्या पाच जणांच्या चिठ्ठ्या काढल्या, पाचही विरोधात, आणि त्या मोजल्या, तर 17 विरुद्ध 14 ने तोच ठराव पडतो. मग ज्यांचे नुकसान झाले ते जिल्हा रजिस्ट्रारकडे जातात आणि पाऊस संपेपर्यंत गच्ची तशीच गळते. गणसंख्येचेही तेच. साठांपैकी एकपंचमांश म्हणजे बारा हवेत. नऊ माणसे आणि चार चिठ्ठ्या मिळून तेरा होत नाहीत, नऊच राहतात.

नुसते 'प्रॉक्सी चालणार नाही' लिहून भागत नाही. दाराशी येणारा प्रत्येक जण वेगळ्या कारणाने येतो, म्हणून त्याचे उत्तर त्याला नोटिशीतच सापडले पाहिजे:

«मत देण्याचा हक्क हजर सभासदालाच आहे. प्रॉक्सी, अधिकारपत्र किंवा मुखत्यारपत्र यांवर मत देता येणार नाही. संयुक्त सभासदांपैकी शेअर सर्टिफिकेटवर ज्यांचे नाव पहिले त्यांनी मत द्यावे. ते नसल्यास दुसऱ्या नावाच्या सभासदाने. फ्लॅट कंपनी किंवा संस्थेच्या नावावर असल्यास तिने प्रतिनिधी नेमल्याच्या ठरावाची प्रत सभेआधी मंत्र्यांकडे द्यावी. येऊ न शकणाऱ्यांनी आपले प्रश्न व म्हणणे 16 ऑगस्टपर्यंत लेखी द्यावे. ते सभेत वाचून दाखवले जाईल, मत म्हणून मोजले जाणार नाही.»

सगळ्यात जास्त कुरबूर होते ती दिवंगत सभासदाच्या मुलाशी. फ्लॅटचा ताबा, मेंटेनन्सची पावती सगळे त्याच्याकडे असते, पण शेअर त्याच्या नावावर चढलेला नसतो. त्याला सभेच्या दिवशी अडवण्यापेक्षा नोटीस देतानाच सांगा की हस्तांतराचा अर्ज आत्ताच द्या, म्हणजे सभेआधीच्या समितीच्या बैठकीत तो मंजूर होऊ शकेल. भाडेकरूच्या दारात नोटीस टाकून थांबू नका; ती सभासदाच्या नोंदलेल्या पत्त्यावरही गेली पाहिजे.

नोटीस गुजराती आणि मराठी दोन्हींत काढा, पण विषयांचे क्रमांक आणि आकडे दोन्हीकडे एकच आहेत ना, हे एकाने वाचून दुसऱ्याने ताडून पाहावे. वाटताना रजिस्टरवर तारखेसह सही घ्या, परगावच्यांना स्पीड पोस्टाने पाठवा, एक प्रत फलकावर लावून तिचा तारीख दिसेल असा फोटो ठेवा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका, पण त्यालाच वाटप समजू नका.

सभेच्या दिवशी हजेरीच्या रजिस्टरजवळ सभासदांची चालू यादी ठेवा आणि सही त्या यादीतल्या नावासमोरच घ्या. तरीही कोणी प्रॉक्सीची चिठ्ठी दिलीच, तर ती परत करू नका. मागे 'मिळाली, मोजली नाही' असे लिहून इतिवृत्ताबरोबर लावून ठेवा.