एसओपीआर पाहून टॉप-बॉटम ठरवताय? या चुका टाळा

बिटकॉइनचं शिखर किंवा तळ जवळ आला की लोक ऑन-चेन आलेख उघडतात. त्यात एसओपीआर, म्हणजे हललेल्या नाण्यांच्या नफा-तोट्याचं गुणोत्तर, आणि दीर्घकालीन होल्डरचा साठा, म्हणजे बराच काळ न हललेली नाणी, हे दोन सर्वात जास्त पाहिले जातात. दोन्ही उपयोगी आहेत आणि मी रोज पाहतो. पण ते माणसाचं मन मोजत नाहीत, नाणं कधी हललं एवढंच मोजतात. खालच्या सगळ्या चुका हा फरक विसरल्यामुळे होतात.

एसओपीआरची मोजणी सोपी आहे. आज जी नाणी ब्लॉकचेनवर हलली, त्यांची आजची एकूण किंमत घ्यायची आणि तीच नाणी मागच्या वेळी हलली तेव्हाच्या एकूण किमतीने भागायची.

```
SOPR = आजची किंमत / मागच्या हालचालीवेळची किंमत
```

उत्तर 1 च्या वर आलं तर हललेली नाणी एकंदरीत नफ्यात, खाली आलं तर तोट्यात. ग्लासनोडसारख्या ऑन-चेन आकडेवारीच्या साइटवर 155 दिवसांहून जुन्या, म्हणजे दीर्घकालीन होल्डरच्या नाण्यांचा आकडा `LTH-SOPR` या नावाने वेगळा मिळतो.

चूक 1: सगळी नाणी एकाच आकड्यात वाचणे

समजा आज भाव 60,000 डॉलर आहे. गेल्या महिन्यात 62,000 ला घेतलेली 9,000 नाणी हलली आणि कधीतरी 10,000 डॉलरला घेतलेली 1,000 जुनी नाणीही हलली. नव्या नाण्यांचा हिशोब 54 कोटी भागिले 55.8 कोटी, म्हणजे 0.968. जुन्यांचा 6 कोटी भागिले 1 कोटी, म्हणजे 6. दोन्ही मिळून 60 कोटी भागिले 56.8 कोटी, म्हणजे 1.056.

एकत्रित आकडा पाहणाऱ्याला वाटतं की बाजार निवांत नफावसुली करतोय. प्रत्यक्षात दहापैकी नऊ नाणी तोट्यात गेली आहेत. घसरणीत एसओपीआर 1 च्या रेघेवर आला की भाव उसळतो का, हे पाहणाऱ्यांची इथेच फसगत होते. म्हणून अल्पकालीन आणि दीर्घकालीन आलेख नेहमी वेगळे उघडा. 1 ची रेघ मुख्यतः अल्पकालीन आलेखावर वाचायची. जुन्या नाण्यांचा आकडा तेजीत 1 च्या खूप वर असतो, तिथे त्या रेघेचा रोजचा उपयोग नाही.

चूक 2: हललं म्हणजे विकलं, असं धरून चालणे

वरच्या उदाहरणातली ती 1,000 जुनी नाणी कुणी विकलीच नसतील, एका वॉलेटमधून स्वतःच्याच दुसऱ्या वॉलेटमध्ये टाकली असतील, तर त्या दिवसाचा खरा आकडा 0.968 एवढाच. साधा एसओपीआर हा फरक ओळखत नाही.

28 मे 2024 चा दिवस आठवा. बुडालेल्या माउंट गॉक्स एक्स्चेंजच्या विश्वस्ताकडची सुमारे 1,40,000 नाणी पाच वर्षांहून जास्त काळ निपचित होती. ती त्या दिवशी नव्या पत्त्यावर गेली. तेव्हाच्या भावाने ही रक्कम 9 अब्ज डॉलरच्या वर होती. विक्री मात्र झाली नव्हती. देणेकऱ्यांना नाणी परत मिळायला जुलैमध्ये सुरुवात झाली. अशा दिवशी गाळणी न लावलेला दीर्घकालीन आलेख बघून ‘जुने होल्डर बाहेर पडले’ असं ठरवणारा माणूस फक्त तिजोरी बदलल्याची नोंद वाचत असतो.

याची लहान आवृत्ती रोजच घडते. कुणाकडे 10 नाण्यांचं एकच जुनं आउटपुट, म्हणजे एकदम मिळालेली एकच रक्कम आहे आणि त्याने त्यातलं अर्धं नाणं पाठवलं, तर बिटकॉइनच्या रचनेत अख्खं आउटपुट खर्च होतं. उरलेली साडेनऊ नाणी सुट्ट्या पैशांसारखी त्याच्याकडेच परत येतात. तरी साध्या मोजणीत दहाच्या दहा नाणी हलली आणि साडेनऊ नाण्यांचं वयही शून्यावर आलं.

ओळखायचं कसं? जिथे ‘एंटिटी-अॅडजस्टेड’ आलेख मिळतो तिथे तोच घ्या. त्यात एकाच मालकाच्या पत्त्यांमधली हालचाल शक्य तितकी वगळलेली असते. तो नसेल तर आकार पाहा. खरी विक्री महिनोन्‌महिने चालते आणि दीर्घकालीन साठ्याच्या आलेखावर उतार दिसतो, तर वॉलेट बदललं की एका दिवसात पायरी पडते. सात दिवसांची सरासरी लावली असेल तर आणखी सावध राहा. एका दिवसाचा खोटा सुळका तिथे बरोब्बर सात दिवसांचं सपाट पठार होतो, दोन्ही कडा ताठ. असं पठार दिसलं की सरासरी काढून कच्चा आलेख बघायचा.

चूक 3: साठा वाढला म्हणजे जाणकार आत्ता खरेदी करताहेत

ही चूक मला सर्वात घातक वाटते, कारण ती अगदी पटण्यासारखी दिसते. जुनं नाणं हललं की ते दीर्घकालीन साठ्यातून त्याच दिवशी वजा होतं. पण नाणं त्या साठ्यात येण्यासाठी 155 दिवस न हलता जावे लागतात. घट आजची असते, वाढ पाच महिन्यांपूर्वीच्या खरेदीची.

21 नोव्हेंबर 2022 ला भाव साधारण 15,500 डॉलरपर्यंत उतरला. त्या दिवशी घेतलेलं नाणं दीर्घकालीन ठरलं 25 एप्रिल 2023 ला, तेव्हा भाव बराच वर गेला होता. तळाच्या दिवशी साठा वाढत असेल तर ती वाढ जूनमधल्या खरेदीची होती.

उलट बाजूही बघा. 10 नोव्हेंबर 2021 ला, 69,000 च्या शिखराजवळ ज्याने घेतलं, तो 14 एप्रिल 2022 ला आपोआप ‘दीर्घकालीन होल्डर’ झाला. त्याचा संयम वाढला असेल किंवा तो नुसता अडकला असेल, आलेखाला दोन्ही सारखेच. म्हणून घसरणीत साठा वाढताना दिसला की आधी 155 दिवस मागे जा आणि तेव्हा भाव कुठे होता ते पाहा.

चूक 4: जुन्या शिखराचा आकडा उंबरठा म्हणून वापरणे

‘मागच्या वेळी `LTH-SOPR` एवढ्यावर गेला तेव्हा टॉप आला, यंदाही तिथेच येईल’ हे चालत नाही. 2015 च्या सुमारे 200 डॉलरच्या तळापासून 2017 चं शिखर जवळपास शंभर पट होतं. 2018 च्या 3,200 पासून 2021 चं शिखर एकवीस-बावीस पट. 2022 च्या तळापासून ऑक्टोबर 2025 चं 1,26,000 चं शिखर आठ पट. जुन्या नाण्यांचा नफाच आक्रसत चाललाय, मग आकडा जुन्या उंचीवर जाईल कसा?

चूक 5: 1 च्या खाली गेल्या दिवशीच तळ समजणे

`LTH-SOPR` 1 च्या खाली जाणं हा तळाच्या टप्प्याचा चांगला खुणेचा दगड आहे. पण तो टप्पा सांगतो, दिवस नाही. 2022 मध्ये हा आकडा महिनोन्‌महिने 1 च्या खाली रेंगाळला. जूनमध्ये भाव साडेसतरा हजारांजवळ उतरला, सावरला आणि नोव्हेंबरमध्ये त्याच्याही खाली गेला.

तोट्यात विकणारे कोण होते, हे चूक 3 मध्ये आलंच आहे. शिखराजवळ 60,000 ला घेऊन अडकलेला माणूस 20,000 ला बाहेर पडला की त्याचं गुणोत्तर 0.33, आणि तोपर्यंत त्याचं नाणं दीर्घकालीन गटात मोजलं जात होतं. त्यामुळे खाली गेलेला पहिला दिवस मी नुसता टिपून ठेवतो. आकडा खालून 1 च्या वर येऊन काही आठवडे तिथे टिकला, की अडकलेल्यांची तोट्यातली विक्री ओसरली असं धरतो. तेव्हा भाव तळापेक्षा वर असतो आणि ती किंमत मोजायची माझी तयारी असते.